परदेशात ओटीटीची यादी बदलते तेव्हा: भारतीय रोमिंग, तिथले वाय-फाय की खात्याचा देशच बदलणे?

माझे आईवडील नाशिकहून तीन महिन्यांसाठी जर्मनीत धाकट्या भावाकडे गेले, तेव्हा दुसऱ्याच संध्याकाळी आईचा फोन आला. "माझी अर्धवट राहिलेली मालिका दिसतच नाही रे, खातं बंद केलंस का?" खाते चालू होते, वर्गणीही भरलेली होती. कोड्यात टाकणारी गोष्ट अशी, की भावाच्या टीव्हीवर गायब झालेली तीच मालिका बाबांच्या मोबाइलवर व्यवस्थित दिसत होती. टीव्ही भावाच्या घरच्या वाय-फायवर होता आणि बाबांचा मोबाइल नाशिकच्या सिमकार्डाच्या रोमिंगवर होता.

चित्रपट किंवा मालिका दाखवण्याचे हक्क देशागणिक विकले जातात, त्यामुळे भारतापुरते घेतलेले हक्क जर्मनीत लागू होत नाहीत. प्रेक्षक कोणत्या देशात आहे, हे ओटीटी सेवा प्रामुख्याने इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या आयपी पत्त्यावरून ओळखते. भावाच्या वाय-फायला जर्मन कंपनीचा पत्ता मिळतो. रोमिंगमध्ये मात्र मोबाइल जर्मन टॉवरला जोडलेला असला, तरी त्याचा डेटा साधारणपणे भारतातील मूळ कंपनीच्या यंत्रणेतून फिरून इंटरनेटवर जातो आणि म्हणून पत्ता भारतीय राहतो. प्रवासासाठी ऑनलाइन विकत मिळणाऱ्या ई-सिमची गत आणखी वेगळी असते. त्यांचा डेटा कित्येकदा तिसऱ्याच देशातून बाहेर पडतो, त्यामुळे दिसणारी यादी ना भारताची असते ना जर्मनीची. खात्री करायची असल्यास त्या त्या जोडणीवर ब्राउझरमध्ये `fast.com` उघडून `Show more info` दाबावे. तिथे `Client` या शब्दापुढे जो देश दिसेल, साधारणपणे त्याच देशाची यादी मिळणार, असे धरून चालावे.

काही आठवड्यांसाठी जाणाऱ्यांपुढे म्हणूनच रोमिंग की वाय-फाय, हा खरा प्रश्न असतो. रोमिंगवर घरची यादी मिळते, पण डेटा मोजका असतो. एचडी दर्जात नेटफ्लिक्सला तासाला 3 जीबीपर्यंत डेटा लागतो आणि साध्या दर्जात सुमारे 1 जीबी, म्हणजे 5 जीबीचा पॅक एचडीवर दोन तासही पुरत नाही. शिवाय काही अ‍ॅप आयपी पत्त्याबरोबर मोबाइलचे प्रत्यक्ष ठिकाणही तपासतात, म्हणून थेट क्रिकेट सामन्यांसाठी रोमिंगच्या भरवशावर राहू नये. वाय-फायवर डेटाची चिंता नसते, पण तिथलीच यादी स्वीकारावी लागते. नाशिकहून निघण्यापूर्वी भाग डाउनलोड करून नेले तर विमानात ते निर्धास्त पाहता येतात, कारण इंटरनेट नसताना अ‍ॅपला देश बदलल्याचे कळत नाही. मात्र परदेशी वाय-फाय जोडताच त्यांतील काही बंद होऊ शकतात. आपण दुसऱ्याच देशात आहोत असे भासवणाऱ्या व्हीपीएनचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मला पटत नाही. व्हीपीएन ओळखला गेला की नेटफ्लिक्स केवळ जगभराचे हक्क असलेलीच शीर्षके दाखवते, म्हणजे यादी वाढण्याऐवजी आखडते, आणि जाहिरातींच्या प्लॅनवर तर व्हीपीएन चालतच नाही.

कायम राहायला गेलेल्यांचा हिशेब निराळा असतो. माझ्या भावाने जर्मनीतच वर्गणी घेतली आहे. तो पंधरा दिवस स्पेनला गेला, तरी त्याला जर्मन यादीच दिसते, कारण 1 एप्रिल 2018 पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या नियमानुसार, संघातील दुसऱ्या देशात तात्पुरत्या गेलेल्या ग्राहकाला सशुल्क सेवांनी मूळ देशाचीच यादी द्यावी लागते. तोच भाऊ दिवाळीला नाशिकला आला, की त्याच खात्यावर भारतीय यादी येते, कारण हा नियम संघाबाहेर लागू नाही. आईवडिलांच्या भारतीय वर्गणीलाही त्याचा उपयोग नाही.

खात्याचा देश बदलणे तीन महिन्यांसाठी मुळीच परवडणारे नाही. नेटफ्लिक्सवर वर्गणी रद्द करून, तिची मुदत संपल्यावर नव्या देशातून ती पुन्हा सुरू करावी लागते. गूगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो आणि जुन्या देशाची शिल्लक नव्या देशात वापरता येत नाही. अ‍ॅपलमध्ये आधी शिल्लक संपवावी आणि चालू वर्गण्या रद्द कराव्या लागतात. प्राइम व्हिडिओवर भारतीय खाते तसेच ठेवून परदेशातून पाहिल्यास मोजकीच शीर्षके मिळतात, त्यामुळे वर्षभर किंवा अधिक काळ राहणाऱ्यांनी तिथे देश बदलून घेणे मला योग्य वाटते.

आईवडिलांसाठी आम्ही खात्याला हातच लावला नाही. आईच्या मालिकेचे उरलेले चार भाग तिने बाबांच्या रोमिंगवर साध्या दर्जात पाहिले. बाकी वेळ टीव्हीवर जर्मन यादी चालली. तिथे एका मालिकेचा हिंदी आवाज सुरुवातीला दिसत नव्हता, कारण एप्रिल 2025 पर्यंत नेटफ्लिक्स टीव्हीवर भाषांची यादीही ठिकाण आणि प्रोफाइलची भाषा पाहून निवडक दाखवत असे. आईच्या प्रोफाइलची भाषा हिंदी करताच तो पर्याय वर आला.