लाइन गेल्यावर दोन टर्बाइननी लोड कसा वाटून घ्यायचा: ड्रूप की आयसोक्रोनस?

साखर कारखान्याच्या कोजन प्लांटमध्ये गाळप हंगामाआधी गव्हर्नरचं सेटिंग पक्कं करायची वेळ येते, तेव्हा सगळी चर्चा ग्रिडला किती मेगावॉट एक्स्पोर्ट करायचे याभोवती फिरते. 132 केव्हीची लाइन भर गाळपात अचानक गेली तर पुढच्या पाच सेकंदांत काय होईल, हा प्रश्न मागे पडतो. लाइन गेली की एक्स्पोर्टचा सगळा लोड एका झटक्यात नाहीसा होतो. बॉयलर तेवढीच वाफ देत असतो, व्हॉल्व्ह तेवढेच उघडे असतात आणि वीज घेणारा फक्त कारखाना उरतो. हा 'लोड थ्रो-ऑफ' दोन मशीननी कसा वाटून घ्यायचा, ते ठरवण्याचे तीन मार्ग आहेत. चीफ इंजिनिअरला त्यातला एक निवडावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. टीजी-1 हे 20 मेगावॉटचं एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग मशीन 16 वर चालू आहे. टीजी-2 हे 10 मेगावॉटचं बॅक प्रेशर मशीन 8 वर आहे. एकूण 24, त्यातले 9 कारखाना घेतो आणि 15 लाइनवर जातात. ग्रिडची फ्रिक्वेन्सी बरोबर 50. आता लाइनचा ब्रेकर उघडतो आणि 15 मेगावॉट गायब होतात.

ड्रूप म्हणजे मशीनने लोड घेताना स्पीडमध्ये पत्करलेली घसरण. 4 टक्के ड्रूप असेल तर शून्यापासून पूर्ण लोडपर्यंत जाताना फ्रिक्वेन्सी 4 टक्के, म्हणजे 2 हर्ट्झ उतरते. ग्रिड 50 वर धरून ठेवते म्हणून ही घसरण आपल्याला दिसत नाही. ती रेफरन्समध्ये लपलेली असते. टीजी-1 आपल्या क्षमतेच्या 80 टक्के लोडवर आहे, म्हणून त्याचा स्पीड रेफरन्स 3.2 टक्के वर, म्हणजे 51.6 हर्ट्झशी बसलेला असतो. टीजी-2 पण 80 टक्क्यांवर, म्हणून त्याचाही 51.6. पॅनलवर खरा स्पीड आणि रेफरन्स शेजारी शेजारी पाहिलेत तर हा फरक डोळ्यांना दिसतो. ड्रूप खरंच 4 टक्के आहे की कुणी मागच्या हंगामात बदलून ठेवलाय, हे पडताळायचा सगळ्यात सोपा मार्ग हाच.

पहिला मार्ग: दोन्ही मशीन ड्रूपवरच ठेवायची. तेव्हा काय होतं ते बघा. प्रत्येक हर्ट्झ वाढीला टीजी-1 दहा मेगावॉट सोडतं आणि टीजी-2 पाच, दोन्ही मिळून हर्ट्झला 15. गेलेला लोडही 15. फ्रिक्वेन्सी एक हर्ट्झ चढते आणि 51 वर थांबते. टीजी-1 सोळावरून 6 वर येतं, टीजी-2 आठवरून 3 वर, बेरीज 9. कुणी बटण दाबलं नाही, एका मशीनने दुसऱ्याला काही विचारलं नाही, तरी लोड क्षमतेच्या प्रमाणात वाटला गेला. याचं श्रेय मशीनच्या आकाराला नाही, दोघांचा टक्का सारखा असण्याला आहे.

हा टक्का बिघडला तर काय होतं, याकडे माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. समजा जुन्या टीजी-2 चा ड्रूप 2 टक्के आहे. कागदावर हे चांगलं वाटतं, कारण फ्रिक्वेन्सी कमी चढेल. ती चढते फक्त 0.75 हर्ट्झ. पण आता टीजी-2 हर्ट्झला 10 मेगावॉट सोडतं, म्हणजे दुप्पट आकाराच्या टीजी-1 इतकंच. दोघंही साडेसात सोडतात. टीजी-1 साडेआठवर राहतं आणि छोटं टीजी-2 अर्ध्या मेगावॉटवर येऊन टेकतं. ते आधी 8 ऐवजी 6 वर असतं तर शून्याखाली गेलं असतं, रिव्हर्स पॉवर रिलेने ते बाहेर काढलं असतं आणि प्रोसेसची वाफ त्या क्षणी तुटली असती. म्हणून ड्रूप कमी तितका चांगला, हे दोन मशीनच्या बाबतीत खरं नाही. ड्रूप सारखा हवा.

दुसरा मार्ग: लाइन गेल्याबरोबर टीजी-1 आयसोक्रोनस करायचं आणि टीजी-2 ड्रूपवरच ठेवायचं. आयसोक्रोनस मशीन 50 वर हट्टाने बसतं. फ्रिक्वेन्सी 50 वर परत आली की टीजी-2 ला वाटतं काही झालंच नाही, आणि ते आपल्या जुन्या 8 वर जातं. सगळे 15 मेगावॉट टीजी-1 ला सोडावे लागतात आणि ते 16 वरून 1 वर येतं. फ्रिक्वेन्सी सुंदर, पण 20 मेगावॉटचं मशीन एका मेगावॉटवर लोंबकळतंय. तेवढ्यात मिलची एक मोठी मोटर थांबली तर टीजी-1 वीज देण्याऐवजी वीज ओढून मोटरसारखं फिरणार.

तरीही या मार्गाची बाजू आहे, ती नाकारता येणार नाही. पॅन आणि इव्हॅपोरेटरला जाणारी वाफ टीजी-2 च्या एक्झॉस्टमधूनच येत असेल, तर ते मशीन 8 वर राहणं प्रोसेसवाल्यांना हवंच असतं. मग हिशोब असा करायचा: ग्रिडपासून तुटून आयलंड झाल्यावरचा कारखान्याचा लोड वजा टीजी-2 चा लोड. जे उरेल ते टीजी-1 ला वर आणि खाली, दोन्हीकडे हलायला पुरेसं हवं. 9 वजा 8 म्हणजे 1, हे पुरेसं नाही. ब्रेकर उघडताच टीजी-2 चा रेफरन्स आपोआप 4 मेगावॉटला उतरवला तर टीजी-1 ला 5 मिळतात, आणि मग हा मार्ग चालतो. उरलेली वाफ टर्बाइनला वळसा घालून, प्रेशर उतरवणाऱ्या पीआरडीएसमधून द्यायची.

तिसऱ्या मार्गात दोन्ही मशीन आयसोक्रोनस असतात आणि दोन्ही गव्हर्नरमध्ये लोड शेअरिंग लाइन असते. प्रत्येक कंट्रोलर आपला लोड टक्क्यात सांगतो आणि दोघं सरासरीकडे सरकतात. 30 पैकी 9 म्हणजे 30 टक्के. टीजी-1 वर 6, टीजी-2 वर 3, फ्रिक्वेन्सी 50.

| पर्याय | टीजी-1 | टीजी-2 | स्थिर फ्रिक्वेन्सी |
|---|---|---|---|
| लाइन जाण्याआधी | 16 | 8 | 50.00 |
| दोन्ही ड्रूप, 4 टक्के | 6 | 3 | 51.00 |
| ड्रूप 4 आणि 2 टक्के | 8.5 | 0.5 | 50.75 |
| टीजी-1 आयसो, टीजी-2 ड्रूप | 1 | 8 | 50.00 |
| दोन्ही आयसो, लोड शेअरिंग | 6 | 3 | 50.00 |

(आकडे मेगावॉट आणि हर्ट्झमध्ये. फ्रिक्वेन्सी वाढल्यावर मोटर किंचित जास्त वीज ओढतात, तो भाग सोडून दिला आहे.)

तक्त्यात शेवटची ओळ सगळ्यात देखणी दिसते. पण ती एका वायरवर उभी आहे. ती वायर तुटली, किंवा जनरेटर ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट अडकून एका कंट्रोलरला दुसरं मशीन बंद वाटलं, की दोन आयसोक्रोनस मशीन एकमेकांशी भांडायला लागतात. दोन ट्रान्सड्यूसरमध्ये अगदी बारीक फरक असतो. त्यामुळे एकाला फ्रिक्वेन्सी जराशी कमी वाटते, दुसऱ्याला जराशी जास्त, आणि एक वर चढत राहतं तर दुसरं खाली. लक्षण ओळखायला सोपं आहे: फ्रिक्वेन्सी 50 वर शांत आणि दोन मेगावॉट मीटर विरुद्ध दिशांना सरकत आहेत. असं दिसलं तर ऑपरेटरने लगेच एक मशीन ड्रूपवर टाकावं. हा मार्ग घेणार असाल तर वायर तुटल्यास गव्हर्नर आपोआप ड्रूपवर येतो, याची लेखी खात्री पुरवठादाराकडून घ्या आणि वायर खरोखर काढून बघा.

ग्रिडशी जोडलेलं असताना मात्र आयसोक्रोनस कुणीही नको. ग्रिड 49.95 वर असेल तर आयसोक्रोनस मशीन अख्खा देश 50 वर आणायला निघतं आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडून बसतं. म्हणून मोड बदलण्याचा सिग्नल लाइन ब्रेकरवरून यायला हवा. पण दोष पलीकडच्या सबस्टेशनात असेल आणि तिथला ब्रेकर उघडला तर तुमचा ब्रेकर बंदच राहतो. गव्हर्नरला अजून ग्रिड आहे असंच वाटतं. अशा वेळी ड्रूपवर असलेलं मशीन तग धरतं, कारण त्याला बाहेरचा सिग्नल लागत नाही. माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे तो मुख्यतः यासाठी.

पहिल्या मार्गात 51 हर्ट्झ उरतात, त्याचं काय? ते खाली आणणं हे वेगळं आणि सावकाश काम आहे, लोड फ्रिक्वेन्सी कंट्रोलचं. राष्ट्रीय ग्रिडवरही असंच चालतं: आधी सगळी मशीन ड्रूपने सावरतात, मग केंद्रातून काही सेकंदांनी एकदा पाठवलेल्या सिग्नलने निवडक मशीनचे रेफरन्स हलवून फ्रिक्वेन्सी जागेवर आणली जाते. आपल्याकडे याची पहिली चाचणी 2018 मध्ये एनटीपीसीच्या दादरी प्लांटमध्ये सुरू झाली. कारखान्यात हेच काम शिफ्ट इंजिनिअर दोन्ही मशीनचे रेफरन्स अर्धा अर्धा हर्ट्झ दोनदा उतरवून करतो, किंवा पॉवर मॅनेजमेंट सिस्टिम अर्ध्या मिनिटात करते. दोन्ही एकत्र उतरवले तर वाटणी 6 आणि 3 हीच राहते.

51 हा थांबण्याचा आकडा आहे, शिखराचा नाही. दोन्ही रोटरमध्ये मिळून 112 मेगाज्यूल फिरती ऊर्जा धरली, तर व्हॉल्व्ह हलण्याआधी फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे 3.35 हर्ट्झ वेगाने चढते. गव्हर्नर आणि सर्वोला वाफ आवळायला अर्धा सेकंद लागला तरी ती 51.5 पार करते, मग खाली येते. जनरेटरचा ओव्हर फ्रिक्वेन्सी रिले 51.5 ला बिनविलंब ठेवलेला असेल तर कोणताही मार्ग निवडा, दोन्ही मशीन जाणार आणि कारखाना अंधारात. हे शिखर तीनही मार्गांत जवळपास सारखंच असतं, कारण तिथे लढाई रोटरच्या वजनाची आणि व्हॉल्व्हच्या चपळाईची असते.

एक गोष्ट मी जवळून पाहिली आहे. एका कारखान्यात दोन्ही गव्हर्नर 4 टक्क्यांवर होते, तरी लाइन गेली की टीजी-1 रिव्हर्स पॉवरवर ट्रिप व्हायचं. रात्रपाळीत ट्रेंड मोठा करून पाहिला तेव्हा दिसलं की टीजी-2 चा लोड आधी चारपर्यंत उतरला आणि वीसेक सेकंदांत पुन्हा आठवर गेला. ते बॅक प्रेशर कंट्रोलवर होतं. ड्रूपने आपलं काम केलं होतं, पण एक्झॉस्टचं प्रेशर पडलेलं पाहून प्रेशर कंट्रोलरने व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. मेगावॉट कंट्रोल लूप चालू राहिला तरी नेमकं हेच होतं. म्हणून आयलंड झाल्याबरोबर हे बाहेरचे लूप तुटायला हवेत.

गाळप सुरू होण्याआधी एक चाचणी करून घ्या. दोन्ही मशीन ड्रूपवर ठेवा, एक्स्पोर्ट फक्त 3 मेगावॉटवर आणा आणि लाइन ब्रेकर हाताने उघडा. फ्रिक्वेन्सी 0.2 हर्ट्झ चढली पाहिजे, टीजी-1 ने 2 मेगावॉट सोडले पाहिजेत आणि टीजी-2 ने 1. मग मिनिटभर काहीही न करता मीटरकडे बघत राहा. टीजी-2 चा तो एक मेगावॉट परत यायला लागला, तर आधी त्याचा मोड तपासा.