पाच हजारांचे आभार: आकडा पुढे की माणसं पुढे?

समजा, ठाण्यातल्या तलावांवर पोस्ट टाकणाऱ्या एका मुलीचे 5,000 फॉलोअर्स झाले. आभाराचा कॅरोसेल दोन तऱ्हांनी करता येईल.

पहिली तऱ्हा सगळीकडे दिसते. पहिल्या स्लाइडवर मोठ्ठा ‘5K’, मग स्वतःचा प्रवास, किती रात्री जागले ते, आणि शेवटी ‘माझी कोणती पोस्ट सगळ्यात आवडली?’ बनवायला सोपी आहे, अभिनंदनही भरपूर येतं. पण तो शेवटचा प्रश्न म्हणजे कौतुकाची मागणी, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं.

दुसऱ्या तऱ्हेत आकडा फक्त कॅप्शनमध्ये, एकदाच. पहिली स्लाइड: ‘हे तुम्ही सांगितलंत’. दुसरीवर उपवनला सकाळी गाडी कुठे लावायची, ही कुणीतरी दिलेली माहिती. तिसरीवर मासुंद्याचं आजीच्या लहानपणीचं वर्णन, एका ताईंनी मेसेजमध्ये पाठवलेलं. चौथीवर कचराळीच्या पोस्टखाली आलेला प्रश्न आणि त्यावरून पुढे काय शोधलं ते. शेवटी नुसतं ‘मनापासून आभार’. प्रश्न नाही, ‘शेअर करा’ नाही.

यात मेहनत जास्त आहे. जुन्या कमेंट्स चाळाव्या लागतात. मेसेजमधलं काही वापरायचं तर आधी विचारायचं, नाव आणि फोटो झाकायचा की ठेवायचा हेही त्यांनाच ठरवू द्यायचं. कमेंट्स कदाचित कमी येतील. तरी मी दुसरीच निवडेन. एक चाचणी सोपी आहे: स्लाइड्समधले ‘मी’ आणि ‘माझं’ मोजा. ते ‘तुम्ही’पेक्षा जास्त भरले, तर मजकूर पुन्हा लिहा.