बिलावर सूट १५ टक्के, हातात पडली साडेबारा

एका पुरवठादाराने अकरा महिने मला प्रत्येक बिलात थोडंथोडं फसवलं. बिलं मी न बघता चुकती केली असं नाही. प्रत्येक बिल तपासून सही करत होतो, आणि तरीही फसलो, कारण मी जे तपासत होतो ते बरोबरच येत होतं. म्हणून हा प्रकार सविस्तर लिहितोय.

ठरलं होतं असं: करापूर्वीच्या दरपत्रकावर प्रत्येक वस्तूला १५ टक्के सूट, आणि वर लागेल तो कर. बिलात मात्र दराचा रकाना 'करासह' होता. त्यापुढे सूट टक्के, सूट रक्कम आणि शेवटी ओळीची रक्कम. कर प्रत्येक ओळीत वेगळा दाखवलेला नव्हता. तो फक्त तळाशी, एकूण बेरजेतून मागे काढून छापलेला.

समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल घेतो. वस्तूचा करापूर्वीचा दर २५, कर २० टक्के, नग ४०. करासह दर ३०, म्हणजे ओळीची मूळ रक्कम १२००. सूट १५ टक्के, सूट रक्कम १५०, ओळीची रक्कम १०५०.

मी दरपत्रक काढायचो. २५ गुणिले ४० म्हणजे १०००, त्याचे १५ टक्के १५०. बिलावरही १५०. जुळलं! मग बाराशेतून दीडशे गेले की साडेदहाशे, तेही जुळलं. सही करून मोकळा.

आता हाच हिशेब ठरल्याप्रमाणे करून बघा. हजारातून दीडशे गेले, राहिले ८५०. त्यावर २० टक्के कर १७०. एकूण १०२०. म्हणजे एका ओळीत माझ्याकडून ३० जास्त घेतले गेले. सूट करापूर्वीच्या रकमेवर काढली आणि वजा मात्र करासहित रकमेतून केली. सुटीबरोबर तिच्यावरचा करही कमी व्हायला हवा होता, तो झालाच नाही.

तळाच्या बेरजेतही काही खटकत नव्हतं. १०५० भागिले १.२० म्हणजे करपात्र रक्कम ८७५ आणि कर १७५. ८७५ चे २० टक्के बरोबर १७५ होतात, त्यामुळे कराचा आकडा निर्दोष दिसायचा. पण हजाराच्या मालाचे ८७५ लावले, याचा अर्थ सूट साडेबारा टक्केच मिळाली. १५ ला १.२० ने भागलं की हाच आकडा येतो. कराचा दर जितका जास्त, तितकी खरी सूट कमी.

हे उघड झालं ते वेगवेगळ्या दराच्या कराचा माल एकाच बिलात आल्यामुळे. त्या दिवशी मी पहिल्यांदा सगळ्या ओळी स्प्रेडशीटमध्ये मूळ दरापासून मांडल्या. करमुक्त वस्तूच्या ओळीत फरक शून्य. ५ टक्के कराच्या ओळीत (६० नग, दर २०, सूट १८०) माझे १०७१ आले, बिलावर १०८०, फरक ९. आणि २० टक्क्यांच्या ओळीत फरक ३०. या तीन आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. १८० चे ५ टक्के म्हणजे ९, १५० चे २० टक्के म्हणजे ३०. प्रत्येक ओळीत फरक म्हणजे सूट रक्कम गुणिले कराचा दर, नेमका तेवढाच. टायपिंगची चूक असती तर ती कुठेतरी एका ओळीत सापडली असती, अशी दर ओळीला शिस्तीत आली नसती.

फोन केला, तर त्यांचे हिशेबनीस म्हणाले, "साहेब, सूट कराच्या आधी काढा नाहीतर नंतर, उत्तर एकच येतं." आणि हे खरं आहे! बाराशेवर १५ टक्के सूट काढली तर १८० जातात आणि १०२० च राहतात. त्या दिवशी मी गप्प बसलो. घोळ लक्षात यायला दोन दिवस गेले. टक्का हा टक्काच राहतो तोवर क्रम कुठलाही चालतो. पण त्याची एकदा रक्कम केली, म्हणजे १५० असा आकडा ठरवला, की तो ज्या रकमेवर काढला तिच्यातूनच वजा व्हायला हवा. त्यांनी अर्धा हिशेब एका पद्धतीने केला होता आणि उरलेला दुसऱ्या.

पुन्हा विचारलं तेव्हा उत्तर आलं, "राउंड ऑफचा फरक असेल." ओळीची रक्कम दोन दशांशांपर्यंत गोल केली तर एका ओळीत जास्तीत जास्त अर्ध्या शतांशाचा फरक पडतो. तीस ओळींच्या बिलातही तो ०.१५ च्या पुढे जात नाही. गोल करण्यातून मोठा फरक पडू शकतो तो एकाच ठिकाणी: सूट वजा करून नगाचा दर आधी गोल केला आणि मग नगांनी गुणलं तर. ०.३५ दराच्या वस्तूवर १५ टक्के सूट गेली की ०.२९७५ राहतात. त्याचे ०.३० केले आणि ४००० नग असले, तर ११९० ऐवजी १२०० होतात. बारीक दराचा माल हजारोंनी घेत असाल तर हेही बघा. माझ्या ४० नगांच्या ओळीत त्याचा संबंध नव्हता.

मग "सॉफ्टवेअरच तसं करतं" असं सांगण्यात आलं. हे मी मान्यही केलं असतं. पण आधी मी ४० पैकी ८ नग परत केले होते, ती क्रेडिट नोट फाइलमध्ये होती. बिलाप्रमाणे एक नग २६.२५ ला पडला होता, म्हणजे आठाचे २१० यायला हवे होते. क्रेडिट नोट होती २०४ ची, नगाला २५.५०. परत देताना सूट अगदी बरोबर पद्धतीने काढली होती, पूर्ण १५ टक्के. घेताना एक हिशेब आणि देताना दुसरा, आणि दोन्ही वेळा फायदा त्यांचाच. हे कागद समोर ठेवल्यावर सॉफ्टवेअरचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मी सूट रक्कम तपासतच नाही. खरी सूट उलटी काढतो. B मध्ये नग, C मध्ये करापूर्वीचा दर, D मध्ये सूट, E मध्ये कर (दोन्ही % चिन्हासह, 15% असे) आणि F मध्ये बिलावरची ओळीची करासह रक्कम:

```
=ROUND(B2*C2*(1-D2)*(1+E2),2)
=1-F2/(B2*C2*(1+E2))
```

पहिल्याने यायला हवी ती रक्कम मिळते, दुसऱ्याने प्रत्यक्षात मिळालेली सूट. दुसऱ्याचं उत्तर D शी जुळलं नाही तर पैसे थांबवतो. C मध्ये दर मात्र तुमच्या दरपत्रकातला घाला, बिलातून मागे काढलेला नको.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेळेत पैसे दिल्याबद्दल नंतर मिळणारी किंवा विक्रेत्याला तिसऱ्याच कुणाकडून भरून मिळणारी सूट असेल, तर काही करनियमांत कर पूर्ण रकमेवरच लागतो. तिथे फरक दिसला म्हणून लगेच फसवणूक म्हणता येणार नाही. माझी सूट बिलावरच, ओळीत, दरपत्रकावर ठरलेली होती.

शेवटच्या तीन महिन्यांचा फरक त्यांनी परत दिला. आधीच्या आठ महिन्यांच्या बिलांवर मी "तपासले, मान्य" लिहून सही केली होती, तीच सही त्यांनी पुढे केली. ते पैसे आले नाहीत. नवीन पुरवठादाराशी लेखी ठरवताना मी एक ओळ घालून घेतली: सूट करापूर्वीच्या रकमेतून वजा होईल, कर उरलेल्या रकमेवर लागेल, आणि दोन्ही आकडे प्रत्येक ओळीत छापले जातील.