कुंडली शिकायला एक वर्ष आहे: आधी पंचांग धरायचं की थेट ॲप?

गावातल्या दोघातिघांनी गेल्या महिन्यात हेच विचारलं. दिवसा शेत, रात्री एखादा तास मोकळा, एका वर्षात पत्रिका वाचता यायला पाहिजे, तर सुरुवात कुठून करायची. दोन रस्ते आहेत आणि मी दोन्हीवरून चालून पाहिलंय.

पहिला रस्ता जुना. पहिले तीन महिने फक्त पंचांग, म्हणजे बारा राशी, सत्तावीस नक्षत्रं, चंद्र आज कुठल्या नक्षत्रात आहे ते रोज वहीत लिहायचं, मग लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेली रास, हाताने काढायचं. पुढचे तीन महिने भाव म्हणजे कुंडलीतली बारा घरं आणि ग्रह, नंतरचे तीन दशा म्हणजे आयुष्यात कुठल्या ग्रहाचा काळ कधी ते, आणि शेवटचे तीन गोचर म्हणजे ग्रहांची सध्याची चाल अन् ओळखीच्या वीसेक लोकांच्या पत्रिका. दुसऱ्या रस्त्यात पहिले तीन महिने वगळायचे, ॲपमध्ये तारीख वेळ गाव टाकायचं, कुंडली तयार, पहिल्या दिवसापासून भाव-ग्रह सुरू. घरच्याच पत्रिका समोर असतात म्हणून यात मन लय लवकर रमतं, हे मान्य करावंच लागेल, पहिल्या रस्त्यावरचे बरेच जण लग्नाच्या गणितातच सोडून देतात.

पण ॲपवाला माणूस कुठे फसतो ते सांगतो. माझ्या चुलत बहिणीची पत्रिका आम्ही ॲपवर काढली होती, कागदावर जन्मवेळ सकाळी ६. तूळ लग्न आलं. आपल्याकडच्या चौकटीत वरच्या मधल्या घरात ७ आकडा आणि त्यातच रवी. (नवीन माणूस हमखास इथे चुकतो, त्या ७ ला सातवं स्थान समजतो. तो राशीचा आकडा आहे, स्थान पहिलंच.) चंद्र वृषभेत १५ अंशावर, म्हणजे रोहिणी. रोहिणी वृषभेच्या १० अंशापासून २३ अंश २० कलांपर्यंत, त्यातले ५ अंश संपलेले, ८ अंश २० कला बाकी. एक नक्षत्र ८०० कलांचं, बाकी ५००, रोहिणीला चंद्राची १० वर्षांची महादशा, म्हणून जन्मावेळी ६ वर्षं ३ महिने शिल्लक. पुढे मंगळाची ७ वर्षं, मग राहू. म्हणजे राहू सव्वातेराव्या वर्षी लागला.

आम्ही त्यावर दोन महिने अभ्यास केला आणि काहीच जुळेना. शेवटी काकूला विचारलं तर ती म्हणाली, "बाप्पा, सकायी कुठं, माह्या चतुर्थीचा उपास होता, दिवे लावले अन् चंद्र निघाच्या आंधी झाली ते." कोजागिरीनंतरची संकष्टी. म्हणजे कागद लिहिणाऱ्याने संध्याकाळच्या सहाचे सकाळचे सहा केले होते.

मग सगळंच फिरलं. संध्याकाळी ६ ला मेष लग्न, रवी सातव्या घरात. बारा तासांत चंद्र साधारण साडेसहा अंश पुढे जातो, त्यामुळे रोहिणीचे १ अंश ५० कलाच बाकी, चंद्राची दशा जेमतेम १ वर्ष ४ महिने, राहू सव्वाआठ वर्षांच्या आसपास सुरू. जवळपास पाच वर्षांचा फरक, आणि ॲपने एकदाही टोकलं नाही, ते टाकलेल्या वेळेचं गणित बरोबर करतं, वेळ बरोबर आहे का ते त्याला कळत नाही.

पंचांगवाल्याला हे पाच सेकंदात दिसलं असतं, कारण रवी म्हणजे घड्याळच आहे. सूर्योदयाला रवी लग्नाजवळ, दुपारी दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताला सातव्यात, मध्यरात्री चौथ्यात. आई म्हणते दिवेलागणीची वेळ आणि रवी पहिल्या घरात, तर कागद चुकलाय. आपल्या खेड्यात हे फार कामाचं आहे, कारण घरी बाळंत झालेल्या बायांची वेळ "गाई घरी येताना", "पहिला कोंबडा" अशीच सांगितली जाते. अर्थात याने सकाळ-संध्याकाळचा गोंधळ पकडता येतो, वीस मिनिटांची चूक नाही, आणि लग्न दर दोन तासांच्या आसपास बदलतं म्हणून लग्न राशीच्या टोकाशी असेल तर शेजारच्या लग्नाचीही पत्रिका काढून ठेवायची.

म्हणून माझं मत असं, रोज तास मिळत असेल तर पहिलाच रस्ता धरा. आठवड्यात दोनच तास मिळत असतील तर ॲप घ्या, पण पहिला महिना फक्त दोन कामं, रोजचं चंद्रनक्षत्र पंचांगातून वहीत उतरवणं आणि प्रत्येक पत्रिकेत आधी रवीचं घर जन्मवेळेशी ताडून बघणं. दशेची बाकी वर केली तशी निदान दहा पत्रिकांची हाताने काढा, मगच ॲपमधली बघा. ॲपच्या सेटिंगमध्ये अयनांश, म्हणजे राशींची सुरुवात कुठून धरायची ते ठरवणारा आकडा, लाहिरी आहे का तेही तपासा, बहुतेक पंचांगांशी मेळ तेव्हाच बसतो.

कृष्णमूर्ती पद्धत पहिल्या वर्षी नको. तिथे उपस्वामी, म्हणजे नक्षत्राच्या लहान तुकड्याचा मालक ग्रह, काही मिनिटांत बदलतो, आणि आपल्याकडे मिनिट कोणाजवळ आहे? दुसऱ्या वर्षी, दवाखान्यात जन्मलेल्या पोरांच्या पत्रिकांवर ती शिका.