झऱ्याचे उताराने येणारे पाणी की विंधनविहीर आणि पंप: अंदाजपत्रकांची तुलना

एक हजार लोकसंख्येच्या गावापुढे पाणीपुरवठ्याचे दोन प्रस्ताव आहेत, असे धरू. पहिल्यात तीन किलोमीटरवरच्या उंच झऱ्याचे पाणी उताराने आणायचे आहे. दुसऱ्यात गावालगतच्या विंधनविहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढवायचे आहे. माणशी 55 लिटर धरल्यास रोजची गरज 55,000 लिटर होते. टाकी आणि गावातील वितरण वाहिन्यांचा खर्च दोन्हींकडे जवळपास सारखाच असल्याने तो येथे बाजूला ठेवला आहे.

झऱ्याच्या योजनेत साहित्य साधे आहे. चोवीस तास वाहणाऱ्या पाण्यासाठी 63 मिलिमीटरचा एचडीपीई पाइप पुरतो आणि तीन किलोमीटरच्या पाइपातील घर्षणावर मात करण्यात झऱ्याच्या उंचीपैकी साधारण सहा मीटरच खर्ची पडतात. खरा भार मजुरीचा आहे. अर्धा मीटर रुंद आणि एक मीटर खोल चर धरला, तर 1,500 घनमीटर खोदाई होते. मऊ मातीत एक मजूर दिवसाला दोन घनमीटर खोदतो असे धरले, तरी 750 मनुष्यदिवस लागतात. वाटेत खडक लागला, तर हा आकडा कोलमडतो. म्हणून अंदाजपत्रक मंजूर करण्यापूर्वी चराच्या मार्गावर ठिकठिकाणी चाचणी खड्डे घेतलेच पाहिजेत.

विंधनविहिरीच्या योजनेत खोदाई थोडी आणि साहित्य महाग, त्यामुळे सुरुवातीचा आकडा अनेकदा कमी दिसतो. मात्र पाणी एकूण 70 मीटर चढवायचे असेल आणि पंपसंचाची एकूण कार्यक्षमता 50 टक्के असेल, तर रोज सुमारे 21 युनिट वीज लागते, म्हणजे वर्षाला साडेसात हजारांहून अधिक युनिट. शिवाय पंप आठ वर्षे टिकेल असे मानल्यास त्याच्या किमतीचा आठवा हिस्सा दरवर्षी देखभाल निधीत वेगळा जमा व्हायला हवा. ही तरतूद बहुधा कागदावरून गळते. मग पंप जळतो, तेव्हा वर्गणी गोळा होईपर्यंत गाव तहानलेले राहते.

झऱ्याच्या योजनेलाही निधी लागतोच, पण तो गळती दुरुस्ती, व्हॉल्व्ह आणि पाणी सोडणाऱ्याच्या मानधनापुरता. निर्जंतुकीकरणाचा खर्च दोन्हींकडे समान आहे: लिटरला दोन मिलिग्रॅम क्लोरीन धरल्यास 33 टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर महिन्याला दहा किलो लागते. ती साठ्यात निकामी होत जाते, म्हणून वर्षभराची एकदम घेऊ नये.

माझा कौल झऱ्याला आहे, कारण श्रमदानाने खोदाईचा भार हलका होऊ शकतो, विजेचे बिल मात्र श्रमदानाने फिटत नाही. तरीही एक अट आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस झऱ्याच्या धारेखाली 20 लिटरची बादली धरून वेळ मोजावी. गरज भागण्यासाठी ती 31 सेकंदांत भरायला हवी. गळती आणि वाढती लोकसंख्या लक्षात घेता 25 सेकंदांत भरली तरच निर्धास्त राहता येईल. याहून जास्त वेळ लागल्यास दुसरा प्रस्ताव निवडावा, आणि पंपबदलाची तरतूद घरनिहाय वर्गणीत पहिल्याच महिन्यापासून धरावी.