परदेशी खरेदी आणि माझं डेबिट कार्ड : सात महिन्यांनंतर

सुट्टीला नाशिकहून नांदूर मधमेश्वरला पक्ष्यांचे आवाज टिपायला जातो. तिथे पाण्यावर वारा फार. म्हणून माइकवर चढवायचं केसाळ आवरण जर्मनीतल्या एका दुकानातून मागवायला घेतलं. किंमत साइटवर रुपयांतच दिसत होती, ४,०००. खात्यात पैसे होते, तरी `Card declined`. ओटीपीसुद्धा आला नाही. दुकान यापलीकडे काही सांगत नाही, कारण नकार दुकान नाही, आपली बँक देते. खरं कारण बँकेच्या एसएमएसमध्ये होतं : आंतरराष्ट्रीय वापर बंद आहे.

ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवं कार्ड फक्त भारतातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनपुरतं चालू करून मिळतं. ऑनलाइन आणि परदेशी वापर आपण स्वतः सुरू करायचा. मी ॲपमध्ये तो सुरू केला आणि पुन्हा नकार! आंतरराष्ट्रीय या भागात एटीएम, मशीन, ऑनलाइन अशी वेगवेगळी बटणं आहेत आणि प्रत्येकाला मर्यादा वेगळी. माझी ऑनलाइनची मर्यादा शून्य होती. ती ५,००० केली आणि पैसे लगेच गेले.

पण मग किंमत रुपयांत असून व्यवहार परदेशी कसा? दुकानाचे पैसे ज्या बँकेत जमा होतात ती भारताबाहेरची असेल, तर तो व्यवहार आंतरराष्ट्रीयच धरला जातो. खात्यातून ४,००० शिवाय १६५ रुपये २० पैसे गेले होते : साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे १४०, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. हा दर बँकेगणिक बदलतो, आधी विचारून घ्या.

बायकोच्या कार्डाला मात्र ॲपमध्ये तो पर्यायच नव्हता. कार्ड उलटून पाहिलं, मागे छापलेलं : `Valid only in India`. तिथे कुठलंही बटण उपयोगाचं नाही. शाखेत अर्ज देऊन आंतरराष्ट्रीय कार्ड घ्यावं लागलं. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करत बसू नका. मी तीनदा केला आणि वेळच गेला.

मुदत संपून माझं नवं कार्ड आलं तेव्हा सगळं परत बंद होऊन आलं होतं.

आता खरेदीपुरतं चालू करतो, मग बंद. फक्त एकदा फसलो. त्या दुकानाची पद्धत माल निघताना पैसे घ्यायची होती. ऑर्डर झाली म्हणून मी रात्रीच बटण बंद केलं आणि चार दिवसांनी पैसे नाकारले गेल्याचा मेल आला. तेव्हापासून पार्सल निघाल्याचा मेल येईपर्यंत बटणाला हात लावत नाही.