रेघ ओलांडलेला मजकूर: कप्पा आधी कापावा की शब्द आधी वाचावा?

टंकलिखित गावयादीचे पान स्कॅन करून त्याचा तक्ता संगणकात उतरवायचा असेल, तर सर्वांत आधी कामाचा क्रम ठरवावा लागतो. एक वाट अशी की पानावरच्या रेघा शोधून कप्पे कापायचे आणि प्रत्येक कप्पा स्वतंत्रपणे वाचायचा. दुसरी अशी की अख्खे पान आधी वाचून घ्यायचे आणि सापडलेले शब्द नंतर कप्प्यांत वाटायचे. मजकूर आपापल्या कप्प्यात नीट बसलेला असेल तर दोन्ही वाटांनी उत्तर जवळजवळ सारखेच येते. टंकलेखकाने लांब नाव रेघेपलीकडे नेले असेल, तेव्हा मात्र खरा फरक दिसतो.

एक ओळ जवळून पाहू. 300 डीपीआयच्या प्रतिमेत ‘गाव’ आणि ‘तालुका’ या रकान्यांमधली उभी रेघ डावीकडून 660 पिक्सेलवर आहे. ‘पिंपळगाव’ 420 ते 575 या जागेत आहे, तर ‘बसवंत’ 590 ला सुरू होऊन 705 ला संपतो. म्हणून टंकलेखकाने ‘निफाड’ नेहमीपेक्षा उजवीकडे सरकवून टंकले आहे. कप्पे आधी कापले तर सुरी नेमकी ‘वं’वरून फिरते. गावाच्या कप्प्यात ‘बस’ आणि व-चा तुकडा उरतो, तालुक्याच्या कप्प्यात उरलेला तुकडा, ‘त’ आणि ‘निफाड’ जातात, आणि अर्ध्या अक्षरावरून मूळ शब्द कोणत्याही प्रणालीला परत मिळवता येत नाही. या पद्धतीचा हा दोष मला गंभीर वाटतो, कारण नुकसान वाचनाआधीच झालेले असते आणि पुढे कितीही दुरुस्ती केली तरी ते भरून निघत नाही. आकड्यांचे आटोपशीर रकाने असतील तर मात्र ती जलद आहे आणि पुरेशी आहे.

दुसऱ्या पद्धतीत टेसरॅक्ट या अक्षरे वाचणाऱ्या प्रणालीकडून प्रत्येक शब्द त्याच्या जागेसह मिळतो:

```
tesseract pan.png out -l mar --psm 6 tsv
```

शब्दाचा मध्यबिंदू ज्या कप्प्यात, तो कप्पा त्याचा, असा साधा नियम लावू. ‘बसवंत’चा मध्य 647 च्या आसपास, म्हणजे रेघेच्या डावीकडे येतो, त्यामुळे शब्द अखंड राहतो आणि गावाच्याच कप्प्यात पडतो. अट एवढीच की वाचनापूर्वी रेघा पुसलेल्या असाव्यात, नाहीतर अक्षरातून गेलेली उभी रेघ काना समजली जाऊन ‘बसवांत’ असे काही हाती येते.

रेघा पुसताना देवनागरीत विशेष जपावे लागते. आडव्या रेघा शोधायला प्रतिमेवर एक पट्टी फिरवतात आणि ती पूर्ण मावेल एवढा सलग काळा भाग रेघ मानतात. या पट्टीची लांबी कमी ठेवली तर तिला शिरोरेषाही तक्त्याची रेघ वाटते आणि शब्दांची डोकी उडतात. म्हणून पट्टी सर्वांत लांब शब्दापेक्षा बरीच मोठी, समजा 600 पिक्सेलची ठेवावी; पण पान एक अंशाने जरी तिरके असेल तरी तेवढ्या लांबीत रेघ सुमारे दहा पिक्सेल वर किंवा खाली सरकते आणि पट्टीला सापडत नाही, तेव्हा आधी पान सरळ करणे भागच आहे. उभ्या रेघांसाठी 150 पिक्सेल पुरतात. रेघ पुसल्यावर शिरोरेषेत पडलेली चार-पाच पिक्सेलची खाच आडवी सांधून घ्यावी, म्हणजे शब्द पुन्हा एकसंध होतो.

मध्यबिंदूचा नियम अपुरा पडतो तो ‘बुद्रुक’ आणि ‘खुर्द’ यांच्यापाशी. हा शब्द पूर्णच रेघेपलीकडे गेला असेल तर नियम त्याला बेलाशक तालुक्यात टाकतो, आणि एकाच नावाची दोन वेगळी गावे यादीत एकसारखी होऊन बसतात. म्हणून मी एकेका शब्दाऐवजी शब्दगट वाटतो: दोन शब्दांतले अंतर टंकयंत्राच्या दीड जागेपेक्षा कमी असेल तर ते एकाच गटाचे मानायचे, आणि गट जिथे सुरू होतो तो कप्पा त्याचा. उजवीकडून जुळवलेल्या आकड्यांना हाच नियम उलटा लावावा, कारण ते डावीकडे सांडतात. त्यांच्या बाबतीत गट जिथे संपतो तो कप्पा प्रमाण. टंकलेखकाने गाव आणि तालुका यांत पुरेशी जागाच सोडली नसेल तर दोन्ही एका गटात अडकतात. तिथे तालुक्यांची ठरलेली यादी हाताशी ठेवून गटातील शेवटचा शब्द तिच्यात सापडतो का, एवढे पाहिले की गट योग्य जागी तुटतो.

त्यामुळे मजकुराचे रकाने असलेल्या यादीसाठी मी आधी वाचन आणि नंतर वाटप हाच क्रम निवडेन, पान सरळ करण्याचे आणि रेघा पुसण्याचे वाढीव काम धरूनही. शेवटी दोन तपासण्या कराव्यात. तालुक्याच्या रकान्यात ‘बुद्रुक’ किंवा ‘खुर्द’ एकदाही येता कामा नये; आणि ज्या शब्दांची चौकट मूळ रेघेला छेदते, तेवढ्यांची चित्रे वेगळी काढून माणसाने डोळ्यांखालून घालावीत.